लाल शाईत 57, हिरव्या शाईत 51: कोडिंग आणि मॉडरेशनच्या खोलीत काय होते

प्रश्न: मी इंदूरला बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. एका पेपरच्या उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवली. पहिल्या पानावर लाल शाईत 57 आहेत, ते खोडून हिरव्या शाईत 51 केलेत, आणि निकालातही 51च आले. दुसऱ्या कॉलेजातल्या मैत्रिणीच्या गुणांना कोणी हात लावलेला नाही. कोडिंग असतानाही कोणी नाव पाहून गुण कापले का? आणि हे मॉडरेशन म्हणजे नक्की काय असते?

उत्तर:

नाव पाहून कापले असण्याची शक्यता मला फार कमी वाटते. पण 57चे 51 होण्याची तीन-चार कारणे असू शकतात आणि त्यातले तुमचे कोणते, हे तुमच्या हातातल्या झेरॉक्सवरूनच कळेल. ते कसे ओळखायचे, तेही सांगते. मी इंदूरला सांख्यिकी शिकवून निवृत्त झाले. मूल्यांकन केंद्रांवर आधी परीक्षक, मग कोडिंगची जबाबदारी आणि शेवटची काही वर्षे मॉडरेटर, अशी सगळी कामे केली, इथलीही आणि बाहेरच्या विद्यापीठांचीही. प्रत्येक विद्यापीठाचे नियम वेगळे असतात, शाईचे रंगसुद्धा वेगळे असतात, त्यामुळे तपशिलात इकडचे तिकडे होईल. कामाचा सांगाडा मात्र सगळीकडे जवळपास सारखा असतो.

आधी एक खुलासा, नाहीतर पुण्या-मुंबईचे वाचक दचकतील. आम्हा इंदूरकरांच्या तोंडी उत्तरपत्रिकेला ‘कॉपी’ म्हणतात. मूल्यांकनाला जाणारे प्राध्यापक ‘कॉप्या तपासायला चाललो’ असे उजळ माथ्याने सांगतात. पुढे मी कॉपी म्हणेन ती त्या अर्थाने.

कोडिंगची खोली तशी कंटाळवाणी असते. लांब टेबल, सुतळीने बांधलेले गठ्ठे, नंबर मारायचे लोखंडी मशीन आणि तीन माणसे. कॉपीच्या पहिल्या पानावर रोल नंबरचा भाग छिद्रांच्या रेघेने वेगळा केलेला असतो. एकजण रोल नंबर वाचतो, दुसरा मशीनने तोच कोड नंबर त्या भागावर आणि खाली उरणाऱ्या पानावर मारतो, तिसरा रजिस्टरमध्ये जोडी लिहितो. मग रोल नंबरची पट्टी फाडून लिफाफ्यात जाते, लिफाफ्याला सील लागते आणि तो कोडिंग अधिकाऱ्याच्या कपाटात राहतो. परीक्षकाच्या टेबलावर पोचते ती फक्त कोड नंबर असलेली कॉपी. गुणसूचीतही तो कोड नंबरासमोरच गुण भरतो. तपासणी आणि मॉडरेशन दोन्ही आटोपल्यावर लिफाफे उघडून पुन्हा जोड्या लावतात, त्याला डिकोडिंग म्हणतात. म्हणजे तुमचे 57चे 51 झाले, तेव्हा तुमचा रोल नंबर बहुधा सीलबंद लिफाफ्यात होता.

या पडद्याला भोके नाहीत असे मात्र नाही. काही मुले वर ‘श्री’ किंवा कुलदेवतेचे नाव लिहितात, काही शेवटच्या पानावर ‘सर, लग्न ठरले आहे, पास करा’ म्हणून मोबाइल नंबर देतात. ओळख पटेल असे काही लिहिणे बहुतेक ठिकाणी गैरप्रकारात धरतात, आणि ते योग्यच आहे. मराठीसारख्या विषयाला सगळे मिळून बारा-पंधरा परीक्षार्थी असले, तर शिकवणाऱ्या बाईंना अक्षरावरूनच मुलगी ओळखू येते; तिथे कोड नंबर हा नुसता उपचार उरतो. बी.कॉम.च्या हजारो कॉप्यांत ती भीती नाही.

आता ज्या गोष्टीकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही, तिच्याकडे येते. नाव झाकणे हे कोडिंगचे अर्धेच काम. उरलेले अर्धे म्हणजे कॉप्या पिसणे, पत्ते पिसतात तशा. केंद्रावरून गठ्ठा आला आणि त्याच क्रमाने त्यावर नंबर मारले, तर नाव झाकले गेले, पण अख्खा गठ्ठा एकाच कॉलेजचा राहिला. तो एका परीक्षकाकडे गेला आणि सरासरी 59 आली, तर परीक्षक सढळ आहे की ते कॉलेज चांगले आहे, हे सांगायला काहीच मार्ग नाही. याउलट चार-पाच केंद्रांच्या कॉप्या मिसळून मग कोड नंबर मारले, तर प्रत्येक परीक्षकाच्या गठ्ठ्यात हुशार, मध्यम आणि कच्ची मुले साधारण सारख्याच प्रमाणात पडतात. मग गठ्ठ्यांच्या सरासऱ्याही जवळपास यायला हव्यात. नाही आल्या, तर फरक मुलांचा नसून तपासणाऱ्याचा आहे, असे म्हणता येते. परीक्षकांमधला हा फरक शोधून काढून टाकणे म्हणजे मॉडरेशन, आणि ते उभे आहे या मिसळण्यावर. ज्या विद्यापीठांत बारकोड लावून कॉपी स्कॅन करतात आणि परीक्षक पडद्यावर तपासतो, तिथे हे मिसळणे संगणक आपोआप करू शकतो. हाताने करायचे तर जागा लागते, माणसे लागतात, आणि घाई असली की सगळ्यात आधी हेच काम गळते.

घाईचा आणखी एक परिणाम मी डोळ्यांनी पाहिला. कुठे ते राहू द्या. एका गठ्ठ्यात एक मुलगा गैरहजर होता. वाचणाऱ्याने त्याचा रोल नंबर वगळला नाही, लिहिणाऱ्याने त्याच्यासमोर पुढच्या मुलाचा कोड नंबर लिहिला आणि तिथून खाली सगळी यादी एका ओळीने घसरली. डिकोडिंगमध्ये प्रत्येकाला शेजाऱ्याचे गुण मिळाले. हे उघडकीस आले, कारण परीक्षेला न आलेल्या मुलाच्या नावावर 62 गुण होते आणि यादीतल्या शेवटच्या मुलीला गुणच नव्हते. मध्ये त्रेचाळीस मुले होती, आणि त्यातली बरीचशी आपापल्या निकालावर खूश होती. तेव्हापासून मी निकालावर सही करण्याआधी गैरहजरांची यादी शेजारी घेऊन बसायची. तुमच्या बाबतीत हे झालेले नाही, कारण झेरॉक्सवरचे 51 आणि निकालातले 51 जुळतात. अक्षर तुमचेच आहे ना, एवढे मात्र पाहून घ्या.

आता मॉडरेशन. एका पेपरला 600 कॉप्या आणि तीन परीक्षक आहेत असे धरा. हा आकडा मी माझ्या एका खऱ्या प्रसंगातून घेते आहे. पहिल्या दिवशी मुख्य परीक्षक सगळ्यांना बसवतो, आदर्श उत्तरे समोर ठेवतो आणि कोणत्या मुद्द्याला किती गुण हे ठरवतो. चांगल्या केंद्रावर याच वेळी चार-पाच कॉप्यांच्या झेरॉक्स सगळ्यांना देऊन स्वतंत्रपणे तपासायला लावतात आणि मग आकडे जुळवून पाहतात. पुढच्या भांडणांपैकी निम्मी तिथेच मिटतात. नंतर प्रत्येकाला 200 कॉप्यांचा गठ्ठा मिळतो. त्या वर्षी तीन गठ्ठ्यांच्या सरासऱ्या आल्या 51, 52 आणि 59. कॉप्या नीट मिसळलेल्या होत्या. 200च्या गठ्ठ्यात योगायोगाने दोन-तीन गुणांचा फरक पडू शकतो, सात-आठचा पडत नाही. म्हणजे तिसऱ्या गठ्ठ्यात पाहायला हवे होते.

अशा वेळी मॉडरेटर गठ्ठ्यातून साधारण पाच टक्के कॉप्या काढून स्वतः तपासतो. मी दहा काढल्या: वरच्या गुणांच्या दोन, पासच्या सीमेजवळच्या तीन आणि पाच डोळे मिटून. परीक्षकाचे लाल आकडे समोर दिसत असले की आपला हात नकळत त्यांच्याकडे झुकतो. म्हणून मी पहिल्या पानावर पोस्टकार्ड ठेवायची आणि गुण वेगळ्या कागदावर लिहायची. आतल्या समासातले आकडे तरी दिसतातच, त्याला इलाज नव्हता. दहाही कॉप्यांत त्यांचे गुण माझ्यापेक्षा जास्त निघाले: 7, 6, 8, 5, 7, 6, 9, 6, 7, 5. बेरीज 66, म्हणजे सरासरी फरक 6.6. महत्त्वाचे हे की सगळे फरक एकाच दिशेचे आणि जवळजवळ सारखे होते. परीक्षक सढळ होता, पण सगळ्यांशी सारखाच सढळ. अशा गठ्ठ्यातून ठरावीक गुण वजा केले, तर मुलांचा आपसातला क्रम बिघडत नाही. समितीने अपूर्णांक मुलांच्या बाजूने सोडून सरसकट 6 वजा करायचे ठरवले. तुमच्या 57चे 51 होण्यात नेमका हाच आकडा दिसतो आहे, हा योगायोगही असू शकतो.

याच्या शेजारी दुसऱ्या एका वर्षीचा गठ्ठा ठेवते. तिथल्या दहा कॉप्यांतले फरक असे होते: 9 जास्त, 8 कमी, 2 जास्त, 6 कमी, 11 जास्त, शून्य, 7 कमी, 5 जास्त, 9 कमी, 3 जास्त. बेरीज करून पाहा, शून्य येते. नुसती सरासरी पाहणारा म्हणेल, परीक्षक उत्तम आहे, काही करायला नको. खरे तर हा गठ्ठा पहिल्यापेक्षा कितीतरी वाईट आहे, कारण इथे कोणाला काय मिळाले हा निव्वळ नशिबाचा भाग झाला. असा गठ्ठा कितीही बेरीज-वजाबाकी केली तरी दुरुस्त होत नाही. तो दुसऱ्या परीक्षकाकडून पहिल्या कॉपीपासून पुन्हा तपासून घ्यावा लागतो. त्या वर्षी तसे केले आणि निकाल काही दिवस लांबला. त्यावरून झालेली बोलणी मला चांगली आठवतात. गठ्ठ्याची सरासरी इतर गठ्ठ्यांशी जुळत असल्याने असा परीक्षक नजरेतून निसटतो, म्हणून सरासरी बरी दिसली तरी प्रत्येक गठ्ठ्यातून दहा कॉप्या काढायच्याच, असा माझा हट्ट असे.

सरसकट वजाबाकीतही खड्डे आहेत, आणि त्यातल्या एकात मी स्वतः पडले. सीमेवरच्या कॉप्यांचे आम्ही नीट केले होते. पास व्हायला 35 लागत असतील, तर 35 ते 40 गुणांची मुले 6 वजा झाले की नापास होतात. केवळ एका सरासरीवरून कोणाला नापास करणे मला पटत नाही. त्या 26 कॉप्या आम्ही एकेक करून पुन्हा वाचल्या. चूक झाली ती दुसरीकडे. परीक्षकाचा सढळपणा नेमका कुठून आला, हे मी शोधले होते. सहाव्या प्रश्नात पाच-पाच गुणांच्या चार टिपा होत्या, आणि पान भरलेले दिसले की हे गृहस्थ चार गुण देत होते. प्रत्येक टिपेमागे दीड-पावणेदोन गुण जास्त, चार टिपांचे मिळून साडेसहाच्या आसपास. बाकी प्रश्न त्यांनी ठीक तपासले होते. मी म्हटले, 200 कॉप्यांतला फक्त सहावा प्रश्न पुन्हा तपासू, तिघांचे एका दिवसाचे काम आहे. निकालाची तारीख डोक्यावर होती, समितीने नाही म्हटले, आणि मीही सही केली.

सहावा प्रश्न ऐच्छिक होता. माझ्या नमुन्यातल्या दहाही जणांनी तो सोडवला होता, म्हणून फरक सगळीकडे दिसला आणि सगळ्यांना लागू आहे असे वाटले. निकालानंतर एका मुलीचा अर्ज आला: 63चे 57 झाले होते. तिची कॉपी काढली, तर तिने टिपा लिहिल्याच नव्हत्या. ज्या सढळपणाची वजाबाकी झाली, तो तिच्या वाट्याला कधी आलाच नव्हता. पुन्हा तपासल्यावर तिला 62 मिळाले. मग त्या गठ्ठ्यात टिपा न लिहिलेले जितके निघाले, त्या सगळ्यांच्या कॉप्या मागवाव्या लागल्या. दिवस वाचवायला गेलो आणि आठवडा गेला. त्यानंतर नमुना काढताना मी ऐच्छिक प्रश्न सोडलेल्या दोन कॉप्या मुद्दाम घ्यायला लागले.

कायद्याच्या बाजूने, एकाच विषयाच्या कॉप्या अनेक परीक्षकांनी तपासल्या तर त्यांच्यातला फरक मॉडरेशनने काढावा, हे सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये संजय सिंह विरुद्ध उत्तर प्रदेश लोकसेवा आयोग या निकालात सविस्तर मांडले आहे. मुख्य परीक्षकाची बैठक, नमुन्याची फेरतपासणी, सढळ किंवा कडक परीक्षकाच्या गठ्ठ्यात ठरावीक गुण कमी-जास्त करणे, हे सगळे त्यात येते. वेगवेगळ्या विषयांची तुलना करायला वापरतात ते स्केलिंग वेगळे, हा भेदही तिथे केला आहे. तेव्हा मैत्रिणीचे गुण तसेच राहिले आणि तुमचे बदलले, यात अजून तरी खोट दिसत नाही. तिची कॉपी बहुधा दुसऱ्या परीक्षकाकडे होती.

आता झेरॉक्स समोर घ्या. आधी आतल्या प्रत्येक प्रश्नाचे लाल गुण स्वतः बेरजेला घ्या. बेरीज 51 आली, तर मॉडरेशनचा संबंधच नाही. परीक्षकाने पहिल्या पानावर चुकून 57 लिहिले आणि तपासनिसाने दुरुस्त केले. हे वाटते त्यापेक्षा खूपदा होते. बेरीज 57 आली आणि हिरवी शाई आत कुठेच नसून फक्त पहिल्या पानावर असेल, तर गठ्ठ्यावर सरसकट वजाबाकी झाली असणार. आत प्रत्येक उत्तरापाशी हिरवे गुण असतील, तर तुमची कॉपी नमुन्यात आली होती आणि मॉडरेटरने ती पूर्ण वाचली आहे. मग ते 51 गुण फक्त तुमच्या उत्तरांचे आहेत आणि त्यावर तक्रारीला फारसा आधार नाही. आणि एकाच प्रश्नापाशी हिरवे आकडे असतील, तर तो प्रश्न सगळ्यांचाच पुन्हा तपासला गेला असावा.

तक्रारीला खरा आधार आहे तो दुसऱ्या शक्यतेत, म्हणजे सरसकट वजाबाकीत. तिथे माहितीच्या अधिकारात अर्ज करा. उत्तरपत्रिका पाहायचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने 2011च्या आदित्य बंदोपाध्याय प्रकरणात मान्य केलाच आहे, कॉपी तुमच्याकडे आलीही आहे. परीक्षकाचे नाव मागू नका. ते देऊ नये असे त्याच निकालात आहे आणि त्या एका मागणीपायी बाकीचा अर्जही रेंगाळतो. मागा ते एवढेच: तुमच्या कोड नंबरच्या गठ्ठ्यावर मॉडरेशनचा काय निर्णय झाला, किती गुणांचा, किती कॉप्यांच्या नमुन्यावरून, आणि त्याची परवानगी विद्यापीठाच्या कोणत्या नियमात आहे. उत्तराला 30 दिवसांची मुदत असते. पुनर्मूल्यांकनाची मुदत मात्र त्याआधी संपू शकते, म्हणून तो अर्ज आधी भरून टाका. कॉप्याही ठरावीक काळच जपतात, नंतर रद्दीत जातात.

बेरीज करताना पुरवणी विसरू नका. पुरवणीत लिहिलेल्या उत्तराचे गुण पहिल्या पानावरच्या तक्त्यात उतरवायचे राहून गेलेले मी कितीदा पाहिले आहेत. अशा वेळी 57ही नाही आणि 51ही नाही, तिसराच आकडा निघतो.